मोसंबी खाल्ली तर किती साखर, रस प्यायला तर किती? प्रकल्प नोंदी

३ मार्च

पाचोरा तालुक्यातील आमच्या शाळेत अकरावीच्या मुलांनी यंदा प्रकल्पासाठी हा प्रश्न निवडला, आणि त्याचे मूळ एका विद्यार्थ्याच्या घरात आहे. त्याच्या आजोबांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी त्यांना मोसंबीचा रस बंद करण्यास सांगितले, पण मोसंबी खाण्यास हरकत नाही असेही सांगितले. मुलाने आहाराचे तक्ते पाहिले, तर संत्रावर्गीय फळाच्या १०० ग्रॅम गरात शर्करा साधारण ८ ते ९ ग्रॅम आणि त्याच फळाच्या १०० ग्रॅम रसातही जवळजवळ तेवढीच दाखवलेली होती. मग डॉक्टरांच्या सांगण्याला अर्थ काय, असे त्याने वर्गात विचारले, आणि तक्ता पुढे ठेवून याचे उत्तर देणे खरोखरच अवघड होते.

म्हणून १०० ग्रॅमची तुलना बाजूला ठेवून जे प्रत्यक्ष घडते तेच मोजायचे, असे ठरले. माणूस ज्यूसच्या दुकानात एक ग्लास रस पितो आणि घरी एक किंवा दोन मोसंब्या खातो; तेव्हा तुलना ग्लासाची आणि फळाची हवी. मोसंबी निवडण्याचे कारण असे की ती आमच्या बाजारात सहज मिळते, तिचा रस गाळता येतो, आणि केळीप्रमाणे रस म्हणजे दुधात फिरवलेले शेक असा प्रकार तिच्या बाबतीत नसतो. एक सावधगिरी येथेच नोंदवतो. परदेशी तक्त्यांत मोसंबीला कधी कधी गोड लिंबाच्या नावाखाली टाकलेले आढळते. महाराष्ट्रातील मोसंबी ही गोड संत्र्याची जात आहे, तेव्हा तक्त्यात संत्र्याचीच ओळ पाहावी.

६ मार्च

साहित्य जमवले. बागायतदार ज्याला ब्रिक्समीटर म्हणतात तो हाती धरण्याचा रिफ्रॅक्टोमीटर, शून्य ते बत्तीस अंशांचा, साधारण बाराशे रुपयांना मिळाला. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा चारशेच्या आसपास पडला. मलमलचे कापड, गाळणी, काचेची भांडी आणि हाताने दाबण्याचे रसयंत्र घरातलेच वापरले. मोसंबी सध्या मृग बहाराची आहे. बाजारात ती सत्तर ते ऐंशी रुपये किलो चालली आहे.

ब्रिक्समीटर नेमके काय दाखवतो हे मुलांना आधी स्पष्ट करावे लागले, कारण पुढील साऱ्या आकड्यांचा अर्थ त्यावर अवलंबून आहे. द्रावणात विरघळलेला पदार्थ जितका जास्त, तितका प्रकाश त्यात जास्त वाकतो, आणि हे उपकरण तो वाक साखरेच्या द्रावणाच्या मापात वाचून दाखवते. १० अंश म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात १० ग्रॅम साखर असताना जेवढा वाक येईल तेवढा वाक. रसात मात्र साखरेखेरीज सायट्रिक आम्ल, क्षार, थोडी प्रथिने आणि विरघळलेले पेक्टिनही असते, आणि उपकरणाला त्यांच्यात भेद करता येत नाही. संत्रावर्गीय रसात विद्राव्य घन पदार्थांपैकी शर्करेचा वाटा साधारण पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी टक्के असतो. आम्ही सर्वत्र ८० टक्के धरला आहे. यामुळे आमच्या शर्करेच्या आकड्यांत दहामागे अर्ध्या ग्रॅमची ढिलाई आहे, पण फळ आणि रस या दोघांनाही तोच गुणक लावला असल्याने तुलनेवर तिचा परिणाम फारसा होत नाही.

९ मार्च

पहिली वाचने आज वाया गेली. सकाळी उपकरण डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणले आणि दुपारी दोन वाजता रस तपासला. आकडा सातच्या जवळ येत होता, जो मोसंबीच्या मानाने फारच कमी वाटला. खात्री करण्यासाठी १० टक्के साखरेचे द्रावण टाकून पाहिले, तर त्याने ८.८ दाखवले. प्रयोगशाळेत त्या वेळी ३८ अंश सेल्सिअस होते. हे उपकरण २० अंशांसाठी आखलेले असते, आणि पेटीवर तापमानाची आपोआप भरपाई होते असे लिहिले असले, तरी ती साधारण ३० अंशांपर्यंतच लागू असते. खानदेशात मार्चच्या दुपारीच ही मर्यादा ओलांडली जाते, एप्रिलमध्ये तर विचारायलाच नको.

यावर दोन उपाय केले. प्रत्येक वेळी तपासणीपूर्वी, त्याच खोलीत, त्याच तापमानाच्या डिस्टिल्ड पाण्याने शून्य लावायचे, आणि लगेच साखरेच्या द्रावणाने ते पडताळायचे. शिवाय काम सकाळी नऊच्या आत आटोपायचे. रसाचा थेंब काचेवर टाकून अर्धा मिनिट थांबल्यावर वाचन घ्यावे, म्हणजे थेंब आणि काच यांचे तापमान सारखे होते. फ्रिजमधून काढलेला रस घेतला तर थंड काचेवर हवेतील दमट पाणी जमते आणि वाचन उगाच कमी येते.

पडताळणीचे द्रावण करतानाही एक गोष्ट लक्षात आली. एक ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर १० ग्रॅम साखर घेतली तर अर्ध्या ग्रॅमची चूक होते, म्हणजे पाच टक्क्यांची. तेव्हा ५० ग्रॅम साखर आणि ४५० ग्रॅम पाणी घ्यावे. चूक तेवढीच राहते, पण तिचे वजन एक पंचमांश होते.

१२ मार्च

मुख्य मोजणी आज केली. तीन मोसंब्या घेतल्या, तिघींचे मिळून वजन ६१२ ग्रॅम. साल आणि तिच्या आतला पांढरा मऊ थर काढला, तो १६८ ग्रॅम निघाला. बिया १२ ग्रॅम. खाण्याजोगा गर उरला ४३२ ग्रॅम, म्हणजे एका फळामागे १४४ ग्रॅम.

फोडी यंत्रात दाबून रस काढला आणि गाळणीने गाळला. रस २५५ ग्रॅम आला, तो मापाच्या भांड्यात २४५ मिलिलीटर भरला. म्हणजे नेहमीचा एक मोठा ग्लास. चोथा १७० ग्रॅम राहिला आणि सात ग्रॅम यंत्राला चिकटून गेले.

रसाचे वाचन घेताना सर्व रस ढवळून घेणे आवश्यक ठरले. याआधी एका मुलाने फोडीच्या एका टोकातून थेंब पिळून पाहिला होता आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकातून, आणि दोघांची वाचने जुळत नव्हती. मोसंबीचा देठाकडचा भाग कमी गोड असतो आणि खालचा अधिक, हे बागवानांना ठाऊक असते. ढवळलेल्या व मलमलीतून गाळलेल्या रसाने ९.८ अंश दाखवले. न गाळलेल्या रसात उपकरणातली सीमारेषा धूसर दिसते, आणि मग प्रत्येकजण आपापल्या मनाप्रमाणे आकडा सांगतो.

हिशेब असा झाला. २५५ ग्रॅम रसात ९.८ टक्के म्हणजे २५ ग्रॅम विद्राव्य पदार्थ, त्यातले ८० टक्के म्हणजे २० ग्रॅम शर्करा. एका ग्लासात २० ग्रॅम. आता एका मोसंबीत किती, हा प्रश्न राहिला. मुलांनी २० ला तिनाने भागून ६.७ ग्रॅम असे उत्तर लगेच लिहून टाकले. त्यांच्या वहीत हा आकडा तसाच ठेवला, कारण उद्याच्या कामाचा खरा विषय तोच होता.

१३ मार्च

चोथ्यात साखर राहते की नाही, हे पाहण्यासाठी कालचा १७० ग्रॅम चोथा फ्रिजमध्ये झाकून ठेवला होता. हाताला तो ओला लागत होता आणि चवीला गोड होता. त्यात तितकेच, म्हणजे १७० ग्रॅम पाणी घालून ढवळले, अर्धा तास ठेवले, पुन्हा ढवळून कापडातून पिळले आणि त्या पाण्याचे वाचन घेतले. ते ४.६ आले.

हे गणित मुलांना कठीण गेले, म्हणून सविस्तर लिहितो. चोथा धुऊन उन्हात पूर्ण वाळवल्यावर ११ ग्रॅम भरला. म्हणजे १७० ग्रॅम चोथ्यात ११ ग्रॅम न विरघळणारा पदार्थ होता आणि १५९ ग्रॅम रसच होता, यंत्राला न पिळता आलेला. त्यात १७० ग्रॅम पाणी मिसळल्यावर एकूण द्रव ३२९ ग्रॅम झाला, आणि त्याच्या ४.६ टक्के म्हणजे १५.१ ग्रॅम विद्राव्य पदार्थ. त्यातले ८० टक्के धरले तर चोथ्यात अडकलेली शर्करा १२.१ ग्रॅम. पडताळा असा की चोथ्यातला रस ग्लासातल्याइतकाच गोड असेल तर पाणी मिसळल्यावर वाचन ४.७ यायला हवे, ४.६ आले, म्हणजे काम जुळले.

आता तिन्ही फळांची मिळून शर्करा २० अधिक १२.१, म्हणजे ३२ ग्रॅमच्या थोडी वर, आणि एका फळात १०.७ ग्रॅम. कालचा ६.७ हा आकडा एका मोसंबीच्या रसाचा होता, मोसंबीचा नव्हता. यातून निघालेली गोष्ट माझ्याही अपेक्षेपेक्षा वेगळी आहे: एक मोसंबी पूर्ण खाल्ली तर तिच्या रसापेक्षा तिच्यातून अधिक शर्करा पोटात जाते, कारण रसयंत्र जवळजवळ चाळीस टक्के शर्करा चोथ्यातच सोडते. ग्लास जास्त ठरतो तो केवळ एका ग्लासाला तीन फळे लागतात म्हणून. त्यातली शर्करा पावणेदोन-दोन फळे खाण्याइतकी आहे, तीन फळांइतकी नाही.

तक्त्यातला पेचही येथेच सुटतो. आमच्या रसात १०० ग्रॅमला ७.८ ग्रॅम शर्करा आली आणि गरात १०० ग्रॅमला ७.४. दोन्ही सारखेच, तक्ता खोटा नाही. फक्त फळ खाणारा १४४ ग्रॅम खातो आणि रस पिणारा २५५ ग्रॅम पितो.

१६ मार्च

आज कर्बोदकांचा हिशेब केला, आणि येथे तक्ते वाचताना जपावे लागते. काही तक्ते एकूण कर्बोदकांत तंतुमय पदार्थही धरतात, काही ते वजा करून लिहितात, आणि पाणी, प्रथिने, स्निग्ध पदार्थ व राख वजा जाता जे उरते ते कर्बोदक या पद्धतीत फळातले आम्लही त्याच खात्यात जाते. दोन वेगवेगळ्या तक्त्यांतून एक आकडा फळाचा आणि एक रसाचा घेतला, तर फरक फळाचा आहे की पद्धतीचा, हे कळतच नाही.

आम्लाचे प्रमाण आमच्याकडील साहित्याने काढता आले. १० मिलिलीटर रसात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन केले. साडेपाच मिलिलीटरला गुलाबी छटा टिकली. एका मिलिलीटरमागे ६.४ मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे रसात ०.३५ टक्के. मोसंबी इतकी कमी आंबट असल्यानेच ती संत्र्यापेक्षा गोड लागते, साखर जास्त असल्याने नव्हे.

सर्व मिळून आमचा अंदाज असा: ग्लासभर रसात एकूण कर्बोदके २२ ग्रॅमच्या आसपास, त्यातली २० शर्करा आणि गाळल्यामुळे तंतू अत्यल्प. एका पूर्ण मोसंबीत सुमारे १५ ग्रॅम, त्यात शर्करा पावणेअकरा आणि तंतू साडेतीनच्या आसपास. तंतूंचा आकडा वाळलेल्या चोथ्यावरून घेतला आहे आणि तो पूर्ण खरा नाही. धुताना पाण्यात विरघळणारे पेक्टिन वाहून जाते, उलट थोडी प्रथिने चोथ्यातच राहतात. संत्र्याच्या गराला १०० ग्रॅममागे सव्वादोन-अडीच ग्रॅम तंतू असतात असे तक्ते सांगतात, त्यामुळे अंदाज फार चुकलेला नसावा.

येथे खाण्याच्या रीतीचाही प्रश्न निघाला. आमच्याकडे अनेक माणसे, विशेषतः वयस्क, फोड तोंडात चोखून चोथा टाकून देतात. अशा खाण्याने तंतू पोटात जातच नाहीत, आणि त्या मोसंबीचा हिशेब फळाऐवजी रसाकडे झुकतो. आजोबा कशी खातात, असे मुलाला विचारले, तेव्हा तो हसला. आता फोड पातळ पडद्यासह चावून खायची, असे त्याने घरी सांगितले आहे.

१९ मार्च

रसायनशास्त्राच्या तासाला बेनेडिक्टचे द्रावण वापरून रसात बाहेरून साखर घातली आहे का ते शोधावे, अशी कल्पना मुलांनी मांडली. प्रयत्न केला, पण यातून काही साधत नाही. रसातल्या शर्करांपैकी बेनेडिक्ट फक्त ग्लुकोज आणि फ्रुक्टोजला विटकरी रंग देते. दुकानातली साखर म्हणजे सुक्रोज, तिला ते ओळखतच नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे उकळून, मग खाण्याच्या सोड्याने आम्ल मारून पाहिले तर सुक्रोजचे विघटन होऊन रंग येतो, पण मोसंबीत निसर्गतःच जवळजवळ अर्धी शर्करा सुक्रोज असते, त्यामुळे रंग आला तरी ती फळातली की बरणीतली हे सांगता येत नाही.

एका पालकांनी घरचे ग्लुकोमीटर वापरायला दिले. त्याच्या पट्टीवर रसाचा थेंब ठेवताच पडद्यावर HI आले. या यंत्रांची वरची मर्यादा सामान्यतः १०० मिलिलीटरला ६०० मिलिग्रॅम असते आणि रसातले ग्लुकोज तिच्या तिपटीहून अधिक आहे. दहापट पाणी घालून पाहता आकडा आला, पण तो केवळ ग्लुकोजचा असतो, जो मोसंबीच्या शर्करेत चतुर्थांशाच्या आसपास आहे. शिवाय पट्ट्या रक्तासाठी बनवलेल्या असतात आणि काहींना रसातील जीवनसत्त्व क देखील फसवते. पट्ट्या महाग आहेत, हा मार्ग कोणी धरू नये.

२३ मार्च

गावातल्या ज्यूसच्या दुकानातून रस आणायचे ठरले होते, पण पुड्यातून आणलेल्या रसाचा बर्फ वाटेत वितळतो आणि दुकानदाराने किती काय घातले ते कळत नाही. म्हणून काटा आणि ब्रिक्समीटर घेऊन सकाळीच दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचे असल्याने त्यांनी हसत परवानगी दिली; साखर न घालता रस दिला तर गिऱ्हाईक परत येत नाही, असे त्यांनी आधीच सांगून टाकले.

त्यांना प्रथम काही न घालता रस काढायला सांगितला आणि तो २०० ग्रॅम मोजून घेतला. वाचन ९.६ आले, म्हणजे विद्राव्य पदार्थ १९.२ ग्रॅम. नंतर त्यांनी रोजच्याप्रमाणे साखरेचा पाक आणि बर्फ घातला. काळे मीठ मात्र घालू दिले नाही, कारण ब्रिक्समीटर मिठाला साखरच समजतो. शाळेत २०० ग्रॅम पाण्यात एक ग्रॅम मीठ टाकून पाहिले होते, तर अर्ध्या अंशाहून थोडे अधिक वाचन आले होते. बर्फ पूर्ण वितळेपर्यंत वाट पाहून एकूण वजन केले, ते २६२ ग्रॅम भरले, आणि वाचन १२.१ आले.

२६२ ग्रॅमचे १२.१ टक्के म्हणजे ३१.७ ग्रॅम. त्यातून रसाचे १९.२ वजा केले तर पाकातली साखर १२.५ ग्रॅम, अडीच चमच्यांइतकी. रसाची स्वतःची शर्करा १५.४ ग्रॅम आहे, म्हणून त्या ग्लासात एकूण जवळजवळ २८ ग्रॅम. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट बर्फाची आहे. बर्फ विरघळताना गोडी पातळ करतो आणि थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते. पिणाऱ्याला तो फार गोड वाटला नाही. चवीवरून अंदाज करणाऱ्याने साखर निम्मीच सांगितली असती.

२६ मार्च

दुकानदार पाक का घालतात, याचे एक कारण शाळेतच सापडले. मिक्सरमध्ये फोडी बियांसह फिरवून केलेला रस प्रथम बरा लागला, पण अर्ध्या तासाने कडू झाला. बिया आणि पडदे फुटल्यावर त्यातील पदार्थापासून रसाच्या आम्लात हळूहळू लिमोनिन नावाचे कडू द्रव्य तयार होते. ती कडवट चव झाकण्यासाठी साखर आणि काळे मीठ वाढत जाते. बिया काढून, मिक्सर थोडाच वेळ फिरवून आणि न गाळता लगेच प्यायल्यास कडूपणा येत नाही व तंतूही राहतात. मात्र तीन फळे एकाच ग्लासात घातली, तर शर्करा ३२ ग्रॅम होते, म्हणजे गाळलेल्या रसापेक्षाही जास्त, कारण यावेळी चोथ्यात काहीच मागे राहत नाही. न गाळलेला रस आरोग्याला चांगला म्हणून जास्त पिणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. मिक्सरने तंतू कापले जातात, ते चावून खाण्याची जागा घेत नाहीत, हेही आहेच.

दुपारपर्यंत बाहेर राहिलेला रस दुसऱ्या वाचनासाठी घेतला तर त्याला बारीक बुडबुडे आले होते आणि वाचन घसरले होते. खानदेशच्या उन्हाळ्यात रस काढल्यावर तासाभरात तपासावा, अन्यथा आंबू लागलेल्या रसाची साखर कमी भरते आणि त्याचे श्रेय फळाला जाते.

३० मार्च

आज वर्गात एक साधी गोष्ट पाहिली. मुलांच्या एका गटाला ग्लासभर रस दिला आणि दुसऱ्याला सोललेल्या तीन मोसंब्या. रस अर्ध्या मिनिटात संपला. मोसंबीवाल्यांपैकी बहुतेकांनी दुसरी अर्धी राहिल्यावर पुरे म्हटले, आणि तेवढ्यालाही त्यांना पाच-सात मिनिटे लागली. म्हणजे फळ खाणारा दीडच्या आसपास थांबतो, तर पिणाऱ्याला पावणेदोन-दोन फळांची शर्करा कळत देखील नाही.

याच विषयावर १९७७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात निरोगी माणसांना ६० ग्रॅम कर्बोदके मिळतील एवढे सफरचंद तीन रूपांत दिले: अख्खे, लगदा करून आणि रस काढून. अख्खे खाण्यास सरासरी १७ मिनिटे लागली, लगद्यास सहा आणि रसास दीड मिनिट. रक्तातील ग्लुकोज तिन्हींनंतर सारखेच वाढले, पण लगदा व रस घेतल्यावर इन्सुलिन अधिक वाढले, आणि रसानंतर ग्लुकोज पुढे सुरुवातीच्या पातळीखाली उतरले. पोट भरल्याची भावनाही अख्ख्या फळानंतर सर्वाधिक होती. म्हणून तंतू असले की रक्तातली साखर वाढतच नाही, असे मुलांना लिहू दिले नाही. त्यांनी तसे एका फलकावर लिहिले होते, ते पुसायला लावले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शनात रसातली शर्करा ‘मुक्त शर्करा’ मानली आहे, अख्ख्या फळातली मात्र मानलेली नाही. २,००० कॅलरी घेणाऱ्यासाठी तिची मर्यादा दिवसाला ५० ग्रॅम, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या खाली. साखर न घातलेला आमचा ग्लास २० ग्रॅमचा असल्याने तो एकटाच धाकट्या मर्यादेचा चार पंचमांश खातो, आणि दुकानातला २८ ग्रॅमचा ग्लास ती ओलांडून जातो. आजोबांना हे सांगताना मुलाने दिवसभरातला चहाही मोजला, तेव्हा मोठी मर्यादाही फार दूर नव्हती. आजोबांच्या औषधाचा आणि जेवणाचा हिशेब मात्र डॉक्टरांकडेच राहील, असे त्याला बजावले. आमच्या प्रकल्पाने किती हे मोजले आहे, कोणाला किती चालेल हे नाही.

६ एप्रिल

हेच काम टरबुजावर करून पाहिले. तापीच्या वाळूतली टरबुजे आता भरपूर आहेत. येथे चित्र निराळे आहे: गर दाबल्यावर जवळजवळ सर्व रस निघून येतो, चोथा नाममात्र राहतो, आणि गरातच तंतू १०० ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमहून कमी असतात. म्हणून गाळल्याने टरबुजात फारसे काही हरवत नाही, आणि फोड व रस यांच्यात फरक राहतो तो केवळ किती घेतले आणि किती वेळात घेतले याचा. मोसंबीवरून काढलेले चाळीस टक्के चोथ्यात राहतात हे माप टरबुजाला लावू नये. पपईचा गाळलेला रस निघत नाही, लगदाच येतो, आणि ब्रिक्समीटरच्या काचेवर तो दाट थर बसवतो. शहाद्याकडच्या पपईसाठी लगद्यात तितकेच वजनाचे पाणी मिसळून, कापडातून गाळून आणि आलेले वाचन दुप्पट करून पाहत आहोत, पण लगद्यातला न विरघळणारा भाग वेगळा वाळवून मोजेपर्यंत तो आकडा पक्का मानत नाही.